टोमॅटोतलं ग्लुटामेट आणि पुडीतलं ग्लुटामेट

२०१५ सालच्या जून महिन्यात दुकानांच्या फळ्यांवरून मॅगी गायब झाली. आज विशी-तिशीत असलेल्या बहुतेकांना ते दिवस आठवत असतील. घरोघरी दोन शब्द ऐकू येत होते: ‘शिसं’ आणि ‘अजिनोमोटो’. शिसं विषारी आहे हे शाळेतच शिकलेलं असतं. अजिनोमोटोबद्दल मात्र शाळेत कुणी काही शिकवत नाही. ते चायनीजच्या गाडीवर कढईत पडणारं काहीतरी पांढरं, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं असतं आणि ते वाईट असतं, एवढंच आपण ऐकत मोठे होतो.

त्या प्रकरणाच्या मुळाशी एक साधा प्रश्न होता. प्रयोगशाळेत नूडल्सच्या मसाल्यात ग्लुटामेट सापडलं. पण ते कारखान्यात कुणी वरून घातलं, की कांदा, गहू, शेंगदाणा यांच्यातून आपोआप आलं? हे त्या चाचणीतून कळत नव्हतं. आणि कळत नसेल, तर पुडीतलं ‘रासायनिक’ आणि टोमॅटोतलं ‘नैसर्गिक’ यांत फरक तरी कोणता?

उत्तरासाठी शंभरहून अधिक वर्षं मागे, तोक्योतल्या एका प्रयोगशाळेत जावं लागतं.

शेवाळातली चव

किकुनाए इकेदा हे तोक्यो इम्पीरियल विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्याकडे शिकून आलेले. आपल्याकडे फोडणी तशी जपानी स्वयंपाकात ‘दाशी’. कोंबू नावाचं जाड, वाळवलेलं समुद्री शेवाळ पाण्यात भिजवून, गरम करून काढलेलं हे पाणी जवळपास प्रत्येक रश्शाच्या तळाशी असतं. इकेदांना त्या पाण्यात एक चव जाणवत होती. ती गोड नाही, आंबट नाही, खारट नाही, कडूही नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे ही चव फक्त कोंबूत आहे असं त्यांना वाटत नव्हतं. पुढे १९१२ साली अमेरिकेतल्या एका रसायनशास्त्र परिषदेत बोलताना त्यांनी हीच चव कुठे कुठे सापडते ते सांगितलं: अ‍ॅस्परॅगस, चीज, मांस आणि टोमॅटो. म्हणजे टोमॅटो या गोष्टीत मागाहून आलेला नाही, पहिल्यापासून आहे.

१९०७-०८ मध्ये इकेदांनी सुमारे १२ किलो कोंबू घेतलं आणि त्याच्या अर्कातून एकेक पदार्थ बाजूला काढायला सुरुवात केली. आधी मीठ निघालं. मग मॅनिटॉल निघालं. वाळलेल्या कोंबूवर जी गोडसर पांढरी भुकटी दिसते ती हीच. दोन्ही काढून झाल्यावरही उरलेल्या पाण्यात ती चव शिल्लक होती. म्हणजे शोधायची वस्तू अजून आत होती. शेवटी हाती आले सुमारे ३० ग्रॅम स्फटिक. ते होतं ग्लुटामिक आम्ल.

गंमत अशी, की हा पदार्थ नवा नव्हता. कार्ल हाइनरिश रिटहाउसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६६ मध्येच तो गव्हाच्या ग्लुटेनमधून वेगळा केला होता. नावातलं ‘ग्लुट’ तिथूनच आलं. पण त्याचा चवीशी काही संबंध असेल असं कुणाला वाटलं नव्हतं, कारण हे आम्ल नुसतं जिभेवर ठेवलं तर आंबट लागतं.

इकेदांच्या लक्षात आलं, की आम्लाचा आंबटपणा मारला, म्हणजे ते उदासीन केलं, की खरी चव उघडी होते. कोंबूत आणि टोमॅटोत हे काम बरंचसं पोटॅशियम करतं. इकेदांनी निरनिराळे क्षार करून पाहिले आणि सोडियमचा क्षार निवडला. तो पाण्यात चटकन विरघळतो, त्याचे स्फटिक छान पडतात आणि बरणीत ठेवला तर ओलावा धरून गोळा होत नाही. हाच मोनोसोडियम ग्लुटामेट, एमएसजी. या चवीला त्यांनी नाव दिलं ‘उमामी’. जपानीत ‘उमाइ’ म्हणजे रुचकर.

१९०८ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं, साबुरोसुके सुझुकी या उद्योजकाशी हातमिळवणी केली आणि १९०९ मध्ये ही पूड बाजारात आली. तिचं व्यापारी नाव ‘अजिनोमोटो’, म्हणजे ‘चवीचं मूळ’. आपण वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणतो, तसं आपल्याकडे ब्रँडचं नाव पदार्थालाच चिकटलं.

सुरुवातीला ही पूड गव्हाचं ग्लुटेन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून बनवत. १९५६-५७ च्या सुमारास जपानमध्येच एक जिवाणू सापडला, जो साखर खाऊन ग्लुटामेट बाहेर टाकतो. आता जगभर हाच मार्ग वापरतात. उसाची मळी किंवा स्टार्चपासून केलेली साखर मोठ्या टाक्यांमध्ये या जिवाणूंना खायला घालायची, त्यांनी सोडलेलं ग्लुटामिक आम्ल गोळा करायचं, सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन करायचं, गाळायचं आणि स्फटिक पाडायचे. आधी आंबवणं, मग शुद्धीकरण.

मोकळं आणि बांधलेलं

आता टोमॅटोकडे येऊ.

प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबच लांब माळा. ग्लुटामिक आम्ल हा त्या माळेतला एक मणी, आणि तो जवळपास प्रत्येक प्रथिनात असतो. डाळीत, पोळीत, दुधात, माशात. पण माळेत ओवलेल्या मण्याची चव जिभेला कळत नाही. चव लागते ती सुट्या मण्याची. म्हणून भरपूर प्रथिनं असलेली कच्ची डाळ उमामी लागत नाही, आणि फारशी प्रथिनं नसलेला पिकलेला टोमॅटो लागतो. टोमॅटोत मोकळं ग्लुटामेट खूप असतं.

कच्च्या हिरव्या टोमॅटोत ते कमी असतं आणि फळ पिकत जातं तसं वाढत जातं. लालबुंद टोमॅटोत १०० ग्रॅममागे साधारण १५० ते २५० मिलिग्रॅम मोकळं ग्लुटामेट भरतं. तेही सगळीकडे सारखं नसतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात (त्यात हेस्टन ब्लूमेंथल हा प्रसिद्ध इंग्रज शेफही होता) वेगवेगळ्या जातींचे टोमॅटो मोजले, तेव्हा बियांभोवतीच्या गरात बाहेरच्या मांसल भागापेक्षा सरासरी तिपटीहून जास्त ग्लुटामेट निघालं. हॉटेली पद्धतीच्या पाककृतींमध्ये ‘बिया काढून टाका’ असं लिहिलेलं असतं. बियांबरोबर नेमका चवीचा भाग कचऱ्यात जातो.

हे मोकळं ग्लुटामेट आणि पुडीतलं ग्लुटामेट यांची तुलना करायची, तर पूड पाण्यात टाकल्यावर काय होतं ते पाहायला हवं. एमएसजी विरघळताच सोडियम एकीकडे आणि ग्लुटामेट दुसरीकडे होतं. त्यानंतर त्या पाण्यात ‘मोनोसोडियम ग्लुटामेट’ नावाची वस्तू उरतच नाही. मीठ विरघळल्यावर सोडियम आणि क्लोराइड वेगळे होतात, तसंच हे. टोमॅटोच्या रसातही ग्लुटामेट असंच सुटं तरंगत असतं, फक्त शेजारी सोडियमऐवजी मुख्यतः पोटॅशियम असतं. ग्लुटामेटचा रेणू दोन्हीकडे एकच. अणू तेवढेच, रचना तीच. जिभेवर ग्लुटामेट ओळखणारे ग्राहक-रेणू २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी नेमके शोधले. कुलपाला किल्ली कुठल्या दुकानातून आली हे विचारता येत नाही, तसं त्यांना हा रेणू टोमॅटोतून आला की मळीतून हे कळायचं काही साधन नाही.

फरक आहे तो भोवतालच्या गोष्टींचा. टोमॅटोत ग्लुटामेटबरोबर ९० टक्क्यांहून अधिक पाणी असतं, तंतू असतात, आंबट आम्लं आणि साखर असते. पुडीत सोडियम असतं. आणि सगळ्यांत मोठा फरक मात्रेचा. टोमॅटो किती खायचा याला पोटाची मर्यादा आहे. पुडीला मर्यादा फक्त चमच्याची.

एक हिशेब करून पाहू. दोघांसाठी टोमॅटोचं सार करायचं आहे. चार पिकलेले टोमॅटो घेतले, सुमारे ४०० ग्रॅम. १०० ग्रॅममागे २०० मिलिग्रॅम धरलं, तर पातेल्यात ८०० मिलिग्रॅम मोकळं ग्लुटामेट आलं, वाटीमागे ४००. एमएसजीच्या वजनात सुमारे ७८ टक्के ग्लुटामिक आम्ल असतं. म्हणजे ४०० मिलिग्रॅम ग्लुटामेट मिळवायला साधारण अर्धा ग्रॅम पूड लागेल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानुसार, एमएसजी घातलेल्या पदार्थाच्या एका वाढपात ते सहसा अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमीच असतं. थोडक्यात, साराची एक वाटी आणि बेताने एमएसजी घातलेल्या सूपची एक वाटी, दोन्ही ग्लुटामेटच्या हिशेबात जवळपास बरोबरीच्या.

तरीही साराला कुणी घाबरत नाही. मग पुडीची भीती आली कुठून?

एक पत्र आणि त्याचा मथळा

४ एप्रिल १९६८. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक छोटं पत्र छापून आलं. लिहिणारे होते रॉबर्ट हो मॅन क्वॉक, अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले चिनी वंशाचे डॉक्टर. त्यांनी लिहिलं होतं, की अमेरिकेतल्या चिनी रेस्टॉरंटमध्ये, विशेषतः उत्तर चिनी जेवण मिळतं तिथे, जेवायला गेलं की पहिला पदार्थ खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आपल्या मानेमागे बधिरपणा येतो, तो दंडांत आणि पाठीत पसरतो, अशक्तपणा वाटतो, धडधडतं. दोनेक तासांत सगळं ओसरतं. कारण काय असेल? सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, एमएसजी, जास्तीचं मीठ, असे सगळे अंदाज त्यांनी मांडले आणि कुणीतरी यावर संशोधन करावं असं सुचवलं. निष्कर्ष काढलेला नव्हता, शंका विचारलेली होती.

पत्रावर मथळा पडला ‘चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम’. पुढच्या आठवड्यांत वाचकांची पत्रं येत राहिली. कुणाला डोकेदुखी, कुणाला घाम, कुणाला जबडा आवळल्यासारखा. लक्षणं एकमेकांशी जुळत नव्हती, पण नाव तयार होतं आणि सगळी त्यात बसवली गेली. अनेक अंदाजांपैकी एमएसजी तेवढं वर आलं आणि वर्तमानपत्रांतून सगळीकडे पोचलं.

याच काळात अमेरिकी कंपन्यांच्या डबाबंद सूपमध्ये, गोठवलेल्या जेवणांत, अगदी लहान बाळांच्या खाण्यातही एमएसजी सर्रास असायचं. तीच पूड गोऱ्या अमेरिकी गृहिणीच्या कपाटातही होती. पण ‘डबाबंद सूप सिंड्रोम’ कधी जन्माला आला नाही. आजार चिकटला तो चिनी स्वयंपाक्याला. पुढची कित्येक दशकं अमेरिकेतल्या चिनी रेस्टॉरंटांना दारावर ‘नो एमएसजी’ अशा पाट्या लावाव्या लागल्या. मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने या संज्ञेच्या नोंदीत बदल केला तो थेट २०२० मध्ये.

या पत्राला एक विचित्र शेपूटही आहे. २०१८ मध्ये हॉवर्ड स्टील नावाच्या वयोवृद्ध अस्थिशल्यविशारदाने दावा केला, की ते पत्र आपणच दहा डॉलरच्या पैजेखातर टोपणनावाने लिहिलं होतं. गोष्ट इतकी झकास होती, की खरी असावीच असं वाटावं. पत्रकारांनी खोदकाम केलं तेव्हा कळलं, की डॉ. क्वॉक खरोखरचे होते, नोकरी करत होते, आणि पत्र त्यांचंच होतं. थट्टा पत्रात नव्हती, दाव्यात होती. एमएसजीबद्दलच्या गोष्टी तपासण्याआधीच पसरतात, त्याचा हा आणखी एक नमुना. फक्त यावेळी उलट दिशेने.

उंदरांची पिल्लं

भीतीला शास्त्राचं बळ मिळालं ते पुढच्या वर्षी. १९६९ मध्ये सेंट लुईसचे संशोधक जॉन ओल्नी यांनी नवजात उंदरांच्या कातडीखाली एमएसजीची इंजेक्शनं दिली. पिल्लांच्या मेंदूत, हायपोथॅलॅमस या भागात, पेशी मेलेल्या आढळल्या. मोठे झाल्यावर ते उंदीर लठ्ठ झाले. हा प्रयोग खोटा नव्हता. ग्लुटामेट हा मेंदूतला संदेशवाहक रेणूही आहे, आणि तो प्रमाणाबाहेर साचला तर चेतापेशी अतिउत्तेजित होऊन मरतात, ही समज पुढे ओल्नींच्याच कामातून वाढली. बाळांच्या खाण्यातून एमएसजी काढायला हवं अशी त्यांची मागणी होती आणि अमेरिकी कंपन्यांनी ते काढलंही. चवीसाठी बाळाला त्याची गरजच नसल्यामुळे त्यात कुणाचं नुकसान नव्हतं.

पण या प्रयोगावरून ताटातल्या जेवणाबद्दल काय म्हणता येतं? दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली मात्रा. ओल्नींनी वजनाच्या किलोमागे अर्धा ते चार ग्रॅम एमएसजी दिलं होतं. ६० किलोच्या माणसाला हेच प्रमाण लावलं तर ३० ते २४० ग्रॅम होतं. दुसरी गोष्ट मार्ग. इंजेक्शन पचनसंस्थेला वळसा घालून जातं. तोंडाने खाल्लेलं ग्लुटामेट आतड्याच्या भिंतीतल्या पेशी इंधन म्हणून जाळून टाकतात. त्याचा फारच थोडा भाग रक्तापर्यंत पोचतो. आणि रक्तातून मेंदूत जायला आणखी एक अडसर आहे, जो ग्लुटामेटला सहज आत सोडत नाही. मेंदू आपल्याला लागणारं ग्लुटामेट स्वतःच तयार करतो.

ही व्यवस्था शरीरात आहे, कारण ग्लुटामेट शरीरासाठी परकं नाही. प्रौढ माणूस रोजच्या जेवणातल्या प्रथिनांतून साधारण १३ ग्रॅम ग्लुटामेट खातो, वरून घातलेल्या एमएसजीतून अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. आईच्या दुधातही मोकळ्या अमिनो आम्लांमध्ये सर्वाधिक प्रमाण ग्लुटामेटचंच असतं, गाईच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त.

‘मला त्रास होतो’ हे तपासायचं कसं?

एवढं वाचूनही कुणी म्हणेल, ‘मला गाडीवरचं चायनीज खाल्लं की डोकं धरतंच.’ त्याचं डोकं दुखत नाही असं नाही. प्रश्न कारणाचा आहे. तेल, मीठ, तिखट, सोया सॉस, रात्री अकराला खाणं आणि ‘यात अजिनोमोटो असतं’ ही आधीच मनात असलेली भीती, सगळं एकाच प्लेटमध्ये येतं. यातलं कोणतं डोकं दुखवतं हे ओळखायचं, तर खाणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही आपण एमएसजी घेतोय की नाही हे माहीत नसलं पाहिजे.

२००० साली प्रसिद्ध झालेली अशी एक मोठी चाचणी आहे. त्यात १३० माणसं घेतली, आणि तीही ‘आम्हाला एमएसजीचा त्रास होतो’ असं स्वतः सांगणारी. त्यांना जेवणाशिवाय एकदा ५ ग्रॅम एमएसजी दिलं आणि एकदा तसंच भासणारं, पण एमएसजी नसलेलं पेय. ५ ग्रॅम म्हणजे आपल्या साराच्या हिशेबाने दहा वाट्या, एका दमात. पहिल्या फेरीत ५० जणांना फक्त एमएसजीने त्रास झाला, १७ जणांना फक्त खोट्या पेयाने, आणि १९ जणांना दोन्हींनी. ४४ जणांना कशानेच झाला नाही.

हे आकडे घाईने वाचू नयेत. एमएसजीने त्रास झालेले लोक खोट्या पेयाने त्रास झालेल्यांपेक्षा जास्त होते. म्हणजे ‘सगळे मनाचे खेळ’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत. पण एकदा झालेला त्रास पुन्हा होतो का, हे बघायला ज्यांना काही ना काही झालं होतं त्यांना पुढच्या फेऱ्यांत बोलावलं. प्रत्येक फेरीत उत्तरं बदलत गेली. आधी एमएसजीने त्रास झालेल्याला आता होईना. शेवटी फेरीमागून फेरी एमएसजीलाच प्रतिसाद देणारे दोन जण उरले. आणि तीच मात्रा खाण्यासोबत दिली, तेव्हा त्यांच्यातही तो परिणाम सातत्याने दिसला नाही.

याच्या आधी, १९९५ मध्ये, अमेरिकी प्रशासनासाठी स्वतंत्र तज्ज्ञांनी अहवाल दिला होता. काही लोकांना रिकाम्या पोटी ३ ग्रॅम किंवा त्याहून जास्त एमएसजीने डोकेदुखी, बधिरपणा, धडधड असा तात्पुरता, सौम्य त्रास होऊ शकतो, असं त्यात म्हटलं होतं. दोन्ही गोष्टी एकमेकांना धरून आहेत. टोमॅटोतून एवढं ग्लुटामेट एका बैठकीत मिळवायला सव्वा किलोच्या आसपास टोमॅटो रिकाम्या पोटी खावे लागतील. पुडीचा मात्र पाऊण चमचा पुरतो. रेणू एकच असूनही पुडीबद्दल थोडी सावधगिरी बाळगायचं खरं कारण हे आहे.

मर्यादा किती असावी यावर संस्थांचं एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न-कृषी संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९८७ मध्ये आकडा ठरवायची गरज नाही असं म्हटलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये अधिक सावध भूमिका घेतली आणि वरून घातलेल्या ग्लुटामेटसाठी वजनाच्या किलोमागे दिवसाला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. ६० किलोच्या माणसाला ती १.८ ग्रॅम पडते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ज्या मात्रेला काही अपाय दिसला नाही तिच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी ही मर्यादा आहे.

बाराबंकी ते मुंबई उच्च न्यायालय

आता २०१५ कडे परत येऊ, म्हणजे त्या वर्षी नेमकं काय घडलं ते कळेल.

उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत २०१४ मध्ये अन्न निरीक्षकांनी मॅगीचा नमुना उचलला. पाकिटावर ‘नो अ‍ॅडेड एमएसजी’ असं छापलेलं होतं. गोरखपूरच्या प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि एमएसजी ‘सापडलं’. पुढे कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेत शिशाचं प्रमाण १७.२ पीपीएम निघाल्याचा अहवाल आला. मर्यादा होती २.५. प्रकरण देशभर पेटलं आणि ५ जून २०१५ रोजी भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, विक्री थांबवली.

यात दोन अगदी वेगळे आरोप एकत्र मिसळले. शिसं हा खरा आरोग्याचा प्रश्न होता. एमएसजीचा आरोप लेबलचा होता: ‘घातलेलं नाही’ म्हणता, मग निघालं कसं? कंपनीचं म्हणणं होतं, की आम्ही ते घालत नाही, शेंगदाण्याचं विघटित प्रथिन, कांद्याची पूड, गव्हाचं पीठ यांतून ग्लुटामेट येतं. पण बातम्यांच्या मथळ्यांत ‘शिसं आणि एमएसजी’ असं जोडीने येत राहिलं, आणि एकाचं विष दुसऱ्याला लागलं.

१३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. कंपनीला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही आणि तपासण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाल्या नाहीत, हे त्यातले मुख्य मुद्दे. नमुने मोहाली, हैदराबाद आणि जयपूरच्या प्रयोगशाळांत पुन्हा तपासायला सांगितले. तिथे शिसं मर्यादेत निघालं आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परत आली.

मॅगीच्या गोष्टीत सगळे इथे थांबतात. आपल्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यानंतर आलं. ३१ मार्च २०१६ रोजी एफएसएसएआयने एक आदेश काढला. त्याचा आशय असा, की पदार्थात सापडलेलं एमएसजी वरून घातलेलं आहे की मुळातलं, हे ओळखणारी चाचणी उपलब्ध नाही. टोमॅटो, कांदा, मटार, मश्रूम अशा कितीतरी गोष्टींत ग्लुटामेट असतंच. म्हणून नुसत्या प्रयोगशाळेच्या अहवालावर कारवाई करू नये, कारखान्यात जाऊन कच्चा माल आणि प्रक्रिया तपासावी. सरकारी यंत्रणेने आपल्या निरीक्षकांना लेखी कळवलं, की हा फरक नळकांड्यात दिसत नाही, तो पाहायचा तर गोदामात जा.

म्हणून ‘नो अ‍ॅडेड एमएसजी’ या शब्दांचा अर्थ नीट लावायला हवा. ते अक्षरशः खरं असूनही पाकिटात मोकळं ग्लुटामेट भरपूर असू शकतं. घटकांच्या यादीत ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ किंवा ‘यीस्ट एक्स्ट्रॅक्ट’ दिसलं, तर माळा तोडून मणी सुटे केलेले आहेत असं समजावं. थेट घातलेलं एमएसजी यादीत ६२१ या क्रमांकाने येतं. घातलेलं असेल तर बारा महिन्यांखालच्या बाळांना देऊ नये अशी सूचना पाकिटावर छापण्याचा नियम आपल्याकडे आहे, आणि तो पाळावा.

राहता राहिला सोडियमचा प्रश्न, कारण पुडीत आणि टोमॅटोत खरा फरक आहे तो तिथेच. एमएसजीत वजनाच्या १२ टक्के सोडियम असतं, साध्या मिठात ३९ टक्के. अर्धा ग्रॅम एमएसजीतून ६० मिलिग्रॅम सोडियम येतं, अर्धा चमचा मिठातून हजाराच्या घरात. दिवसभराची शिफारस केलेली मर्यादा २००० आहे. मीठ कमी करून थोडं एमएसजी घातलं, तर एकूण सोडियम उलट घटतं. पण गाडीवर सहसा मीठही पडतं, सोया सॉसही पडतो आणि वरून एमएसजीही. त्या प्लेटमध्ये रक्तदाबाच्या माणसाने ज्याला घाबरावं ते पांढरं दाणेदार काही असेल, तर ते बहुतेक वेळा मीठच असतं.

घरात साराला चव कमी पडली, तर पूड आणायची गरज नाही आणि आणली तर घाबरायचीही नाही. पूर्ण पिकलेले टोमॅटो घ्यावेत, बियांचा गर टाकू नये, आणि पातेलं पाच मिनिटं जास्त आटवावं. पाणी उडून जातं, ग्लुटामेट मागे राहतं. तेच, जे इकेदांनी १२ किलो शेवाळातून शोधून काढलं होतं.